मोरचूद, कॉपर सल्फेट आणि काशीचा शब्दक्रम

मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात शब्दांची एक विलक्षण सरमिसळ कायमची राहून जाते. भौतिकशास्त्राच्या एका पानावर ‘त्वरण’ असते आणि पुढच्याच पानावर ‘वोल्ट’. रसायनशास्त्रात मूलद्रव्याचे नाव ‘गंधक’, पण त्याच गंधकापासून तयार झालेल्या संयुगाचे नाव मात्र ‘सल्फाइड’. वनस्पतींच्या धड्यात ‘प्रकाशसंश्लेषण’ येते आणि त्याच वाक्यात ‘कार्बन डायऑक्साइड’ही येतो. विद्यार्थ्याला वाटते की, ज्याने पुस्तक लिहिले त्याला जेथे मराठी शब्द सुचला तेथे त्याने तो घातला आणि जेथे सुचला नाही तेथे इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवून वेळ मारून नेली. वास्तविक या सरमिसळीमागे एक विचार आहे आणि त्या विचाराची पहिली पद्धतशीर मांडणी ज्या नगरांत झाली त्यांत काशीचे स्थान फार वरचे आहे. ती मांडणी हिंदीसाठी झाली. परंतु ती करणाऱ्यांत आणि पुढे चालवणाऱ्यांत मराठी माणसे होती, आणि तिच्यातील एका पायरीवर मराठीचे नावच लिहिलेले होते.

१६ जुलै १८९३ रोजी वाराणसीत नागरीप्रचारिणी सभा स्थापन झाली. श्यामसुंदरदास, रामनारायण मिश्र आणि शिवकुमार सिंह हे तिचे संस्थापक त्या वेळी विद्यार्थीदशेतच होते. श्यामसुंदरदासांचे वय जेमतेम अठरा वर्षांचे होते. पाचच वर्षांनी, १८९८ मध्ये, या सभेने वैज्ञानिक परिभाषेचा कोश करण्याचे काम अंगावर घेतले. भूगोल, ज्योतिष, गणित, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे सात विषय ठरले आणि ते जाणत्या माणसांकडे सोपवण्यात आले. गणिताचे शब्द काशीचे पंडित सुधाकर द्विवेदी यांच्याकडे गेले. अर्थशास्त्राचे शब्द माधवराव सप्रे यांच्याकडे आले. सप्रे यांची मातृभाषा मराठी. जन्म १८७१ चा, मध्य प्रांतातल्या दमोहकडचा. पुढे त्यांनी ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. सर्व विषयांचा एकत्र कोश श्यामसुंदरदासांच्या संपादनाखाली १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कोशातील शब्दांपेक्षाही अधिक टिकाऊ ठरावा असा एक नियम सभेने शब्द निवडण्यापूर्वी ठरवून घेतला होता. प्रथम हिंदीत चालू असलेला योग्य शब्द पाहावा. तो नसेल तर मराठी, गुजराती, बंगाली आणि उर्दू या भाषांतील योग्य शब्द घ्यावा. तेथेही न मिळाल्यास संस्कृतमध्ये आधीपासून असलेला शब्द घ्यावा. तोही नसेल तर इंग्रजी शब्द ठेवावा. आणि हे सारे मार्ग खुंटले तरच संस्कृतच्या आधारे नवा शब्द घडवावा.

या क्रमातील शेवटच्या दोन पायऱ्यांकडे वाचकाने नीट पाहावे. काशी हे संस्कृत विद्येचे पीठ. तेथल्या पंडितांनी नवे शब्द घडवण्याची टांकसाळच उघडावी, इंग्रजी शब्द अगदी नाइलाज झाल्यावर दाराशी येऊ द्यावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांनी उलट केले. इंग्रजी शब्द चौथा ठेवला आणि स्वतः घडवलेला शब्द पाचवा. यात इंग्रजीचे प्रेम नव्हते, शहाणपण होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘वोल्ट’ हा अनोळखी आणि कोणी काल घडवलेला एखादा जोडशब्दही तितकाच अनोळखी. दोन्ही त्याला घोकावेच लागतात. मात्र ‘वोल्ट’ पुढील वर्गात, पुढील पुस्तकात आणि विजेच्या उपकरणावरही त्याला पुन्हा भेटतो. घडवलेला शब्द त्या कोशाबाहेर कोठेच भेटला नाही तर तो श्रम वाया जातो. तेव्हा नवा शब्द घडवायचा तर त्याने घोकण्याच्या श्रमापलीकडे काही तरी दिले पाहिजे. ‘प्रकाशसंश्लेषण’ ते देतो: प्रकाशाच्या बळावर सुटे घटक जोडले जातात ही गोष्ट शब्दातच दिसते. ‘त्वरण’ ते देतो: त्वरा ठाऊक असलेल्या मुलाला वेग वाढण्याची कल्पना निम्मी आधीच आलेली असते.

दुसरी पायरी, म्हणजे शेजारच्या भाषेकडून शब्द घेण्याची, दिसते तितकी निर्धोक नाही, आणि हे काशीत राहणाऱ्या मराठी माणसाला कोणी सांगावे लागत नाही. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आणि मराठी संशोधनाला तेथे ‘अनुसंधान’ किंवा ‘शोध’ म्हणावे लागते. मराठीत देशाची ‘घटना’ असते, हिंदीत घटना रस्त्यावर घडते. ‘शिक्षा’ हा शब्द तर दोन्हीकडच्या शाळांत आहे, पण मराठी मुलाला ती नको असते आणि हिंदी मुलाला ती घ्यायलाच पाठवलेले असते. भगिनीभाषेतला शब्द ओळखीचा चेहरा घेऊन येतो. अर्थ मात्र आपल्या घरचा आणतो.

आता हा क्रम प्रत्यक्ष वापरून पाहण्यासारखा आहे, आणि त्याला रसायनशास्त्रासारखे क्षेत्र नाही. निळे, चकचकीत स्फटिक असलेला एक पदार्थ महाराष्ट्रात ‘मोरचूद’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. द्राक्षबागायतदार एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात कालवून एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करतो आणि वेलीवर फवारतो. बनारसच्या बाजारात हाच पदार्थ ‘नीला थोथा’ किंवा ‘तूतिया’ म्हणून मागावा लागतो. क्रमाची पहिलीच पायरी सांगते की, चालू शब्द आहे तेथे दुसरा शोधू नये. मग पाठ्यपुस्तकात मोरचूद शिल्लक का राहिला नाही? तेथे ‘कॉपर सल्फेट’ का आला?

याचे उत्तर प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत आहे. मोरचुदाचे थोडे स्फटिक नळीत घालून तापवले, तर त्यांतील पाणी वाफ होऊन निघून जाते, नळीच्या वरच्या थंड भागावर थेंब जमतात आणि खाली पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते. ही पांढरी भुकटी मोरचूद आहे काय? बाजाराच्या दृष्टीने नाही, कारण मोरचूद म्हणजे निळा खडा. रसायनाच्या दृष्टीने मात्र तांबे तेच, गंधक तेच, फक्त प्रत्येक कणासोबतचे पाण्याचे पाच रेणू गेले. निळ्याचे सूत्र CuSO₄·5H₂O, पांढऱ्याचे CuSO₄. ‘मोरचूद’ हे नाव रंग आणि उपयोग सांगते, घटक सांगत नाही. म्हणून घटक तेच राहून रंग बदलला की ते नाव गळून पडते. ‘कॉपर सल्फेट’ हे नाव घटक सांगते म्हणून दोन्ही अवस्थांत टिकते. पाठ्यपुस्तकात पांढऱ्या भुकटीला ‘निर्जल कॉपर सल्फेट’ म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे: पाणी नसणे ही कल्पना, म्हणून ‘निर्जल’, घटकांची जुळणी जगभर एकाच नावाने चालते, म्हणून ‘कॉपर सल्फेट’. एकाच नावात निम्मे एका पायरीवरचे आणि निम्मे दुसऱ्या पायरीवरचे.

हिराकसाचेही तसेच. हिराकस म्हणजे लोहाचे हिरवट सल्फेट. ते हवेत उघडे राहिले तर हळूहळू तपकिरी पडते, कारण त्यातील लोहाची अवस्था पालटते. रसायनशास्त्र पहिल्याला फेरस आणि दुसऱ्याला फेरिक म्हणते. दोहोंतला फरक दोन अक्षरांत सांगून मोकळे होते. बाजाराला केवळ पहिल्याची गरज होती, म्हणून बाजाराकडे एकच नाव. यावरून शब्दाची खरी कसोटी कळते: शब्द एकटा कसा दिसतो हे पाहून भागत नाही, त्याच्यामागून येणारे कुटुंब त्याला पोसता येईल काय हे पाहावे लागते. ‘गंधक’ एकटा उत्तम आहे आणि म्हणून मूलद्रव्याचे नाव तेच राहिले. पण सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट ही तीन भावंडे त्याच्यापासून उपजवायला गेले की जीभ अडखळते. ‘गंधकाम्ल’ एका पिढीने वापरून पाहिला. पुढे ‘सल्फ्युरिक आम्ल’ आले, ज्यात आम्ल आपले आहे आणि विशेषण परके.

प्राणवायूची कथा याहून गुंतागुंतीची. लाव्हॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले ते ग्रीक शब्दांवरून. त्याचा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’. प्रत्येक आम्लात हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की, आज ज्याला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात त्यात ऑक्सिजन मुळीच नाही. समजूत कोसळली, नाव राहिले. पण बंगालीत त्या नावाचे ‘अम्लजान’ असे भाषांतर झाले आणि भाषांतरासोबत ती चूकही ठळक अक्षरांत बंगालीत उतरली. इंग्रज मुलाला ‘ऑक्सिजन’मधील ग्रीक आम्ल दिसत नाही, बंगाली मुलाला ‘अम्लजान’मधील आम्ल रोज दिसते. ज्या नावाचा मूळ अर्थ शास्त्राने मागे टाकला आहे ते नाव भाषांतरित करू नये, तसेच उचलावे, हा धडा येथे मिळतो.

मराठीने अर्थ भाषांतरित न करता स्वतःच्या अनुभवातून ‘प्राणवायू’ म्हटले. शब्द सुंदर आहे आणि वृत्तपत्रांत आजही जिवंत आहे. त्याची मर्यादा शेपटाकडे आहे. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसखाली नेला की त्याचे द्रवरूप होते, आणि मग ‘द्रवरूप प्राणवायू’ असे स्वतःलाच खोडणारे नाव लिहावे लागते. संयुगांसाठी जुन्या पुस्तकांनी ‘कर्बद्विप्राणिद’ असा शब्द घडवून पाहिला होता. शब्दाची बांधणी चोख होती: कर्ब एक, प्राण दोन. पण ज्याला ती बांधणी उलगडता येई त्याला ‘कार्बन डायऑक्साइड’ही तितकाच उलगडत असे, आणि ज्याला उलगडत नसे त्याला दोन्ही सारखेच कठीण. स्वातंत्र्यानंतर डॉ. रघुवीर यांनी ही वाट शेवटपर्यंत नेली. त्यांच्या कोशात ऑक्सिजनला ‘जारक’, नायट्रोजनला ‘भूयाति’, क्लोरीनला ‘नीरजी’ अशी नावे आहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही. मात्र काशीच्या क्रमातील पाचवी पायरी त्यांनी पहिली केली आणि ती नावे कोशातच राहिली.

तिसऱ्या पायरीची, म्हणजे संस्कृतमध्ये आधीच असलेल्या शब्दाची, खोच गणितात दिसते. येथे काशीतला आणखी एक मराठी माणूस आठवावा लागतो. बापूदेव शास्त्री पुण्यात १८२१ मध्ये जन्मले आणि १८४२ मध्ये बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले. त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले आणि ‘सूर्यसिद्धान्त’ इंग्रजीत नेला. त्रिकोणमितीत इंग्रज ज्याला ‘साइन’ म्हणतात त्याला संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ हा शब्द हजार-दीड हजार वर्षे होताच. इतकेच नव्हे, ‘साइन’ हाच त्या ‘जीवे’चा दूरचा वंशज. अरबांनी ‘जीवा’ आपल्या लिपीत उतरवताना केवळ व्यंजने लिहिली, पुढे ती ‘जैब’ म्हणजे वस्त्राची घडी अशी वाचली गेली आणि लॅटिन भाषांतरकारांनी तिचे ‘सायनस’ केले. मग आपल्या मुलांनी ‘साइन थीटा’ का म्हणावे? घरचे धन घरी का आणू नये?

कारण मधल्या काळात धनाचे वजन बदलले. सूर्यसिद्धान्तातली ज्या ही लांबी आहे. ३४३८ एकक त्रिज्येच्या वर्तुळात तीस अंशांची ज्या १७१९ एकक येते. आजचा साइन लांबी नाही, दोन लांबींचे गुणोत्तर आहे. तीस अंशांचा साइन एक छेद दोन. ३४३८ ला २ ने भागले की १७१९ येतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत, पण एकच नाहीत. पाठ्यपुस्तकात नव्या अर्थाने ‘ज्या’ शिकलेला विद्यार्थी उद्या सूर्यसिद्धान्त उघडून बसला तर १७१९ हा आकडा पाहून गोंधळेल. जुना शब्द नव्या अर्थाला देताना जुना अर्थ रिकामा झाला आहे की नाही हे पाहावे लागते. ‘त्रिज्या’ आणि ‘जीवा’ यांचे भूमितीतील अर्थ बदलले नाहीत, म्हणून त्या शाळेत सुखाने राहिल्या. ‘साइन’ला मात्र सूत्रात sin हे चिन्ह आहे, आणि चिन्हासारखाच उच्चार असणे ही त्याची आणखी एक सोय.

कोश करणाऱ्याला वेळ असतो. वृत्तपत्राला तो नसतो. काशीतच जन्मलेले (१८८३) आणि मराठी घरात वाढलेले बाबूराव विष्णु पराडकर १९२० पासून ‘आज’ या दैनिकाशी जोडले गेले. इंग्रजीत आलेली बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदी वाचकाच्या हाती जायची, म्हणजे शब्दाचा निवाडा त्याच रात्री करायचा. नावामागे ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’, ‘प्रेसिडेंट’साठी ‘राष्ट्रपति’, ‘इन्फ्लेशन’साठी ‘मुद्रास्फीति’ असे अनेक शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. ‘श्री’ हा पहिल्या पायरीचा नमुना: तो घरात होताच, केवळ वृत्तपत्रात आणायचा होता.

‘मुद्रास्फीति’ अधिक विचार करायला लावतो. मुद्रा म्हणजे नाणे, चलन. स्फीति म्हणजे फुगणे. मराठीने याच कल्पनेला ‘चलनवाढ’ आणि ‘चलनफुगवटा’ म्हटले. इंग्रजी ‘इन्फ्लेशन’चाही आरंभीचा अर्थ चलनाचे फुगणे असाच होता, पुढे तो सरकत किमती सर्वत्र चढत जाण्यावर येऊन बसला. इंग्रजी शब्द सरकला तरी कोणाला खटकले नाही, कारण त्यात ना चलन दिसते ना किंमत. मराठी शब्दात मात्र ‘चलन’ उघड लिहिलेले आहे. दुष्काळाने धान्य महागले, चलन एका रुपयानेही वाढले नाही, तरी बातमीत ‘चलनवाढ’ छापली जाते आणि वाचक चुकीच्या जागी कारण शोधू लागतो. मराठी वृत्तपत्रांनी यावर काढलेला तोडगा जुनाच आहे: ती सरळ ‘महागाईचा दर’ असे लिहितात. पहिल्या पायरीवरचा शब्द शेवटी कामाला आला. अर्थात ‘महागाई’ने ‘चलनवाढी’ला घालवलेले नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात कारण आणि परिणाम वेगळे सांगायचे असतात तेव्हा दोन शब्द असणेच बरे.

१९६१ मध्ये केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषा आयोग अस्तित्वात आला. त्याने मूलद्रव्ये व संयुगे यांची नावे, मापनाची एकके, व्यक्तींच्या नावांवरून आलेले शब्द, वनस्पती व प्राण्यांची शास्त्रीय नावे आणि रेडिओ, पेट्रोल यांसारखे जगभर रुळलेले शब्द तसेच ठेवावेत असे ठरवले. कल्पना सांगणाऱ्या शब्दांना मात्र भारतीय प्रतिशब्द द्यावेत असे सांगितले. काशीच्या क्रमाने कोणत्या भाषेत आधी पाहावे हे सांगितले होते. आयोगाने शब्द वस्तूचा आहे की कल्पनेचा हा प्रश्न पुढे आणला. दोन्ही एकत्र घेतले की पाठ्यपुस्तकातली बरीच सरमिसळ उलगडते. आयोगाने मिश्र शब्दही मान्य केले. ‘आयन’ परका, त्याला आपला प्रत्यय लावून ‘आयनीकरण’. ‘वोल्ट’ परका, त्यापासून ‘वोल्टता’. शुद्धतेच्या आग्रही मंडळींना हे संकर वाटले. परंतु ज्या शब्दाला मराठीचे प्रत्यय लागू लागतात, जो ‘वोल्टचा’ आणि ‘वोल्टने’ असा चालू लागतो, तो पाहुणा म्हणून फार काळ राहत नाही.

‘कॉम्प्युटर’ भारतीय कार्यालयांत आला तेव्हा हाच निवाडा पुन्हा करावा लागला. वस्तू नवी, जगभर एकच नाव असलेली. नियमाने ते नाव तसेच राहायला हवे होते. तरीही ‘संगणक’ टिकला, कारण त्याच्यामागे ‘संगणकीय’, ‘संगणकीकरण’, ‘संगणकशास्त्र’ असे कुटुंब सहज उभे राहिले आणि ‘गणना’ मराठी माणसाला परकी नव्हती. त्याच्या शेजारच्या ‘माउस’ला मात्र कोणी ‘मूषक’ म्हणून फार काळ हाक मारली नाही. ते नाव इंग्रजीतल्या एका थट्टेतून आले होते, त्याच्यापासून दुसरा शब्द काढण्याची गरज कोणाला पडत नव्हती, आणि त्याचे भाषांतर केले असते तर वर्गात हशा पिकण्यापलीकडे काही झाले नसते. म्हणून शाळाशाळांतून दारावर ‘संगणक कक्ष’ अशी पाटी लागली आणि आत मुलांच्या हाती ‘माउस’ आला.